दादाचं सपाट वाचन

ता. २, सोमवार

नाटक घेतलं. म्हणजे जवळजवळ घेतलं. दिग्दर्शक, ज्याला मी मनातल्या मनात दाढी म्हणते कारण त्याच्याकडे तेवढीच एक पिकलेली गोष्ट आहे, म्हणाला, "सगळं छान आहे मॅडम, फक्त बातमीचा प्रवेश जमलेला नाही." फक्त! अख्खं नाटक त्या प्रवेशावर उभं आहे आणि हा म्हणतो फक्त. जेवण उत्तम, फक्त शिजलेलं नाही.

प्रवेश असा. एका बाईचं कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान आहे. मुलगा बोटीवर नोकरीला. बोटीच्या कंपनीचा माणूस दुकानात येतो आणि सांगतो की बोट बुडाली, मुलगा गेला. मी लिहिलं होतं की बाईच्या हातातून पाण्याचा ग्लास पडतो आणि ती ओरडते, "नाही! हे खोटं आहे!"

दाढीनं विचारलं, "ग्लास का पडतो?"

मी म्हटलं, "हातातून सुटतो म्हणून."

"खऱ्या आयुष्यात कुणाच्या हातातून सुटलेला पाहिलात तुम्ही?"

आता याला काय सांगू? बावीस वर्षं मालिका लिहिल्या. माझ्या शब्दाखातर किती ग्लास फुटले असतील त्याचा हिशेब काचवाल्यालाच माहीत. बातमी आली की ग्लास, मग वीज, मग कॅमेरा तीनदा तोंडावर. त्या ग्लासांवर हे घर उभं आहे. पण मला एकदा, मरायच्या आधी एकदा, असं काहीतरी लिहायचंय की जे बघताना लोक भाजी निवडणार नाहीत.

शनिवारी, चौदाला, सगळ्या मंडळींसमोर वाचन आहे. तोवर प्रवेश जमला नाही तर दाढी तो चिमणीकडून लिहून घेणार. चिमणी म्हणजे माझी जुनी सहायक. तिला स्वल्पविराम मी शिकवला.

दादाला सांगितलं तर म्हणाला, "बरं." दादाचं सगळं 'बरं'मध्ये आटपतं. तीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचल्या त्यानं. पूर, अपघात, भूकंप, क्रिकेट, सगळं एकाच आवाजात. मी लहानपणापासून म्हणत आलेय की हा माणूस नाही, खांब आहे. लग्न केलं नाही त्यानं. खांबाशी कोण करणार? मी केलं होतं, ते टिकलं नाही. तेव्हा खांब आणि मी एका घरात राहतो.

धाकटीला भेटायला शनिवारनंतर जाईन. आमची धाकटी बहीण तिकडे दुसऱ्या गावी असते. पोहायला शिकवते. पित्ताशयातले खडे काढायला महिन्यापूर्वी दवाखान्यात गेली आणि अजून तिथेच रेंगाळलीय. एवढ्या खड्यांनी तर रस्ता झाला असता. दादा दर रविवारी जातो. मी म्हटलं, वाचन होऊ दे, मग चांगली आठवडाभर जाऊन राहते.

ता. ५, गुरुवार

दुसरा खर्डा दिला. ग्लास काढला. ओरडणं काढलं. बाई काहीच बोलत नाही. मी कंसात लिहिलं, शांतता, दीर्घ शांतता, आणखी दीर्घ शांतता.

दाढी वाचून म्हणाला, "मॅडम, ही तीच जुनी मालिका आहे. तुम्ही फक्त आवाज बंद केलाय."

खरंच होतं ते. बाई पुतळ्यासारखी समोर बघते, डोळे विस्फारलेले, ओठ थरथरतायत. आतून ओरडतेच आहे, बाहेर ऐकू येत नाही इतकंच. मूग गिळून गप्प बसणं म्हणजे संयम नव्हे, हे मला कळायला हवं होतं.

ते कबूल करायला मात्र मी बांधलेली नाही. मी म्हटलं, "शांतता कशी वाजवायची हे नटीचं काम."

नटी म्हणजे ग्लिसरीनबाई. बाजूलाच बसली होती. लगेच म्हणाली, "मी करीन ना! मला कधीही रडू येतं." ते माहीतच आहे. तिच्या डोळ्यांना नळ आहेत, आणि चावी तिच्याकडे नाही.

घरी येऊन दादाला विचारलं, "मोठी बातमी वाचताना तू काय करायचास?"

"आधी पाणी प्यायचो."

"आणि?"

"आवाज हलेल असं वाटलं तर वाक्याच्या शेवटच्या शब्दाकडे बघायचं. मधे कुठं बघायचं नाही. तिथपर्यंत पोचलं की झालं."

झालं! म्हणजे माणसं मेली तरी याचं लक्ष पूर्णविरामाकडे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

ता. ८, रविवार

दादा पहाटेच्या गाडीनं धाकटीकडे गेला, संध्याकाळी आला. कशी आहे विचारलं तर म्हणाला, "बरी आहे." मग मोरीत बराच वेळ नळ चालू. मी ओरडले, "पाणी फुकटचं नाही!" बाहेर आला तेव्हा तोंड लाल होतं. गार पाण्यानं घासत बसला असणार. वय झालं तरी अक्कल नाही.

दुपारी धाकटीचा फोन येऊन गेला होता. आवाज बारीक. म्हणाली, "तायडे, मी केस कापले. एकदम बारीक. पाण्यात बरं पडतं."

मी म्हटलं, "दवाखान्यात कुठलं आलंय पाणी?"

"अगं, सराव नको का?" आणि हसली. ही बया मरताना पण विनोद करील. तिच्या कमरेपर्यंतच्या केसांसाठी मी लहानपणी तिच्यावर जळत होते, आणि ही सरळ कापून मोकळी.

तिसरा खर्डा तिला फोनवरच वाचून दाखवला. पहिल्यापासून मी काहीही लिहिलं की आधी तिलाच ऐकवते. यात बाई इस्त्री करतेय. कंपनीचा माणूस सांगतो. ती इस्त्री करत राहते. करत राहते. आणि शर्ट जळतो, धूर निघतो. मुलाचाच शर्ट. मला वाटलं, आता जमलं. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला होता.

धाकटी म्हणाली, "शर्ट कशाला जाळलास?"

"तिचं दुःख दिसायला नको?"

"तिनं पटकन इस्त्री उचलली असती, तायडे. रोजचं काम आहे तिचं. हात करतात ते." श्वास घ्यायला थांबली. "आणि घरात आणखी कोण आहे?"

"कुणाच्या?"

"तुझ्या त्या बाईच्या. एकटी असती तर रडली असती ना बिचारी. ती कुणासाठी गप्प आहे?"

मी म्हटलं, "तू पोहायला शिकव, नाटक माझ्यावर सोड." ती हसली आणि म्हणाली, दमले गं, ठेवते. पाच मिनिटं बोलून दमली! आयतं खाऊन लोळायची सवय लागलीय.

ता. १०, मंगळवार

दाढीनं इस्त्रीचा खर्डा टेबलावर असा ठेवला जणू त्याला वास येतोय. म्हणाला, "शर्ट जळणं म्हणजे ग्लासच. कपडे बदलून आलाय."

मग त्याचं व्याख्यान सुरू झालं. मला वाटलं डोंबल सांगणार हा, पण लिहून ठेवते, कारण तीन गोष्टी बऱ्या बोलला. एक म्हणजे, बातमी काय आहे हे प्रेक्षकाला बाईच्या आधी कळलेलं पाहिजे. बोट बुडाल्याचं मागच्या प्रवेशातच येऊ दे. मग लोक बातमी ऐकत नाहीत, बाईकडे बघतात. दुसरं, माणूस धक्क्यात बावळट गोष्ट विचारतो. मोठी नाही. त्याचे काका गेले तेव्हा काकूनं विचारलं होतं, "त्यांनी जेवून घेतलं होतं का?" आणि तिसरं, पात्र रडलं की प्रेक्षकाला काही काम उरत नाही. त्याच्या वाटचं रडू आपण रडायचं नाही.

मी म्हटलं, "हे सगळं मला ठाऊक आहे." ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं मी लोकांच्या वाटचं रडत आले.

चौथा खर्डा तिथेच बसून लिहिला. कंपनीचा माणूस अडखळतो. बाईला तो दारात आल्याबरोबरच कळलंय, पण ती त्याला बोलू देत नाही. आधी बसा म्हणते. तुमच्या कोटाचं बटण लोंबतंय म्हणते. सुई-दोरा काढते आणि त्याच्या अंगावरच बटण टाकायला लागते. तो सांगतो ते तिचं तोंड त्याच्या छातीपाशी असताना. ती विचारते, "पाणी गार होतं का हो?" आणि दोरा दातानं तोडते.

दाढीनं कागद परत पहिल्या ओळीपासून वाचला. म्हणाला, "हे चांगलं आहे." मग, मेला, लगेच पुढे म्हणाला, "पण ती का रडत नाही? दुकान तिचं, दुःख तिचं, कोण अडवतंय? कारण नसताना गप्प बसणारं पात्र मला आवडत नाही. ते लोकांना दाखवायला गप्प बसतं."

धाकटीनं विचारलं तेच. दोघांनी ठरवून माझा छळ मांडलाय. कारण, म्हणे! बाई स्वाभिमानी आहे, एवढं कारण पुरत नाही?

दादाला म्हटलं, "तूच सांग, माणूस कशाला गप्प बसतो?" तो बशी पुसत होता. म्हणाला, "कुणाचं काहीतरी चालू असतं म्हणून."

म्हणजे काय? या घरात सरळ उत्तर मिळायचं नाही.

ता. १३, शुक्रवार

उद्या वाचन. चौथाच खर्डा घेऊन जाणार, चार वाक्यं इकडची तिकडे करून. कारण काही सापडलं नाही. नाही तर नाही. चिमणीच्या उरावर बसून तिच्याकडून कारण लिहून घेऊ दे दाढीला.

धाकटीला फोन केला तर तिच्या मैत्रिणीनं उचलला. ही मैत्रीण तिथे तिच्याजवळ राहते, पोहायच्या तलावावर तिकिटं फाडते, आवाज तिकिटासारखाच कोरडा. म्हणाली, "झोपलीय." भरदिवसा! म्हटलं, उठल्यावर सांग, उद्या वाचन आहे, रविवारी संध्याकाळी पोचतेच मी. मैत्रीण म्हणाली, "सांगते." मग म्हणाली, "तिला माहीत आहे उद्या वाचन आहे. रोज विचारते."

मग विचारत्येस तर जागी राहा ना. पण बरं वाटलं. तिच्यासाठी काय न्यावं कळत नाही. टोपी नेईन. कापलेल्या केसांना.

ता. १४, शनिवार, दुपार

निघायच्या आधी चार ओळी लिहिते, कारण डोकं फिरलंय.

वाचनाला जायच्या आधी मी नेहमी दादाकडून एकदा सपाट वाचन करून घेते. म्हणजे काय, तर नटनट्या रंग भरतात आणि त्या रंगाखाली वाक्य मोडकं असलं तरी कळत नाही. दादाच्या आवाजात रंगच नाही. त्याच्या तोंडात जे वाक्य उभं राहिलं ते कुठंही उभं राहतं. या एका कामापुरता खांब उपयोगाचा.

मी अंघोळीला गेले तेव्हा फोन वाजलेला ऐकला. बाहेर आले तर हा फोनपाशी उभा, फोन फडक्यानं पुसत होता. कोण होतं विचारलं. "चुकून लागला," म्हणाला. मग म्हणाला, "चहा टाकतो." टाकला. साखर विसरला. मी तोंड वाकडं केलं तर घातली, आणि मग परत घातली. पाकच झाला.

म्हटलं, बस, आपण वाचून घेऊ. मी कंपनीचा माणूस, तू बाई.

तो म्हणाला, "आज बाईचं मीच वाचू का?"

"मग काय शेजाऱ्यांना बोलावू?"

"नाही. वाचतो." उठला, पाणी प्यायला, बसला. चष्मा पुसला. कागदावर बोट ठेवलं.

मी वाचलं, "बाई, एक बातमी आहे. चांगली नाही."

तो: "आधी बसा. बटण लोंबतंय तुमचं."

इतका सपाट, इतका सपाट, की जणू उद्याचं तापमान सांगतोय. मी पुढं वाचलं, बोट, वादळ, शोध थांबवला. त्यानं वाचलं, "पाणी गार होतं का हो?" आणि थांबला. पुढचं वाक्य त्याचंच होतं. मी कागदावर टकटक केलं. तो म्हणाला, "हे परत घेऊ का? जरा घसरलं."

घसरलं! दगड कधी घसरतो का? मी चिडले. म्हटलं, "दादा, थोडं तरी वाटू दे रे! तुझं माणूस गेलंय. केरोसीनच्या रांगेत नंबर आलेला नाही."

तो म्हणाला, "बरं." आणि परत वाचलं. आधीपेक्षा सपाट. बोट प्रत्येक ओळीच्या शेवटी नेऊन ठेवत, शेवटच्या शब्दाकडे बघत. पालथ्या घड्यावर पाणी. मी कागद ओढून घेतला.

त्यावर काय करावं यानं? माझे वाचनाला घालायचे कपडे काढले आणि इस्त्री केली. न सांगता. बाहीची घडी दोनदा मोडून दोनदा घातली. म्हणाला, "नीट वाच. घाई करू नको." दारात परत म्हणाला, "वाचून झालं की सरळ घरी ये, ठिणगे. सहापर्यंत ये."

लहानपणचं नाव बरं आठवलं आज. वय झालंय, एकटं बसवत नाही. म्हटलं, "बघू."

त्याच दिवशी, तालमीच्या हॉलच्या पायऱ्यांवर

जमलं! जमलं! जमलं!

ग्लिसरीनबाईनं पहिल्या "आधी बसा"लाच नळ सोडला. बटण टाकताना हुंदका, दोरा तोडताना हुंदका. दाढी दाढी खाजवत होता. कोपऱ्यात चिमणी बसवून ठेवलेली, मांडीवर कोरे कागद, तयारीनिशी. मला इतका संताप आला. म्हटलं, थांबा, मी दाखवते कसं नको ते आणि कसं हवं ते. कसं हवं ते मला कुठं माहीत होतं! रागाच्या भरात मला दादाच आठवला आणि मी चक्क त्याची नक्कल केली. चिडवायला करतात तशी. पाणी प्यायले. कागदावर बोट ठेवलं. दगडासारखं वाचलं. "पाणी गार होतं का हो?"वर थांबले, तो थांबला होता तितकंच, आणि "परत घेऊ का, जरा घसरलं," हेसुद्धा वाचून टाकलं, गंमत म्हणून. मला वाटलं हसतील.

कुणी हसलं नाही. दिवेवाला तोंड फिरवून उभा राहिला. ग्लिसरीनबाई पहिल्यांदा गप्प होती, आणि खरं सांगते, पहिल्यांदा बरी दिसत होती. दाढीनं चष्मा काढला. म्हणाला, "हेच. असंच. हे कुठून आणलंत?"

मी म्हटलं, "घरी एक खांब आहे."

चिमणी तिचे कोरे कागद घेऊन घरी गेली. मग बिस्किटं आली, सरबत आलं, दाढी माझ्याबद्दल चार शब्द बोलला, मी ऐकून घेतले. सहा वाजून गेलेत. रिक्षाची वाट बघतेय. दादाला सांगायचंय की तुझी टिंगल केली आणि लोकांना रडू आलं. मूर्ख कुठले. हसेल तो. धाकटी तर लोळेल. उद्या तिलाच करून दाखवते, दादाच्या बोटासकट.

ता. १९, गुरुवार

क्रमानं लिहिते. क्रमानं लिहिलं तर लिहिता येईल.

घरी पोचले तर दार उघडंच होतं. दादा बूट घालून खुर्चीत बसला होता. शेजारी दोन पिशव्या. मला वाटलं, रविवारची गाडी आहे, आजपासूनच भरून बसलाय. त्यानं विचारलं, "कसं झालं?"

मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, हातवारे करून. ग्लिसरीनबाई, चिमणीचे कागद, दाढीचा चष्मा. त्याची नक्कल त्यालाच करून दाखवली. तो ऐकत होता. हसलासुद्धा. "लोकांना आवडलं?" म्हणाला. "दिग्दर्शक काय म्हणाले?" म्हणाला. मला सगळं बोलू दिलं त्यानं. मी बिस्किटांचंसुद्धा सांगितलं.

मग मी वाकले, पायातलं काढायला. तो म्हणाला, "चपला काढू नकोस. आपल्याला निघायचंय. सातची गाडी आहे."

त्या दोन पिशव्यांतली एक माझी होती. माझी निळी पिशवी. मी तिच्याकडे बघितलं. तोंडाकडे नाही बघितलं त्याच्या.

मी विचारलं, "टोपी घ्यायची राहिलीय, रस्त्यात दुकान उघडं असेल का?"

तो म्हणाला, "असेल." मग म्हणाला, "नको घेऊस."

ग्लास पडला नाही. हातात ग्लास नव्हता, पण असता तरी पडला नसता, मला माहीत आहे आता. मी गॅस बंद आहे का बघितलं. खिडकी लावली. कुलूप मी लावलं, दोनदा ओढून बघितलं. रिक्षात बसल्यावर विचारलं, "तो फोन?"

"हो."

"मी अंघोळीला गेले होते तेव्हा."

"हो."

"म्हणजे तू वाचत होतास तेव्हा..."

"हो." रिक्षा सिग्नलला उभी राहिली. तो पुढं म्हणाला, "दुपारी गाडीच नव्हती. सातच्या आधी तुला नेता आलं नसतं. मग सांगून काय केलं असतंस तू? इथे बसून राहिली असतीस. आणि तिनं मला बजावलं होतं. काहीही झालं तरी ताईचं वाचन होऊ दे, म्हणाली. मागच्या रविवारी."

केस तिनं कापले नव्हते. गळले होते. खडे नव्हते. ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं त्यांना, तिला, दादाला, मैत्रिणीला, सगळ्यांना. मला कसं कळलं नाही? या दैनंदिनीची मागची पानं आज चाळली. सगळं लिहिलंय. मोरीतला नळ लिहिलाय, दमले गं ठेवते लिहिलंय. बावीस वर्षं जगाला पात्रं विकणारी बाई, आणि डोळ्यांसमोरचं दिसलं नाही. बाकीच्यांना नावं ठेवण्यात जन्म गेला. अकलेचा कांदा मीच.

तिथं पोचल्यावर मी रडले नाही. मैत्रीण रडली. तिकिटासारख्या आवाजाची ती, माझ्या खांद्यावर पडून इतकी रडली की माझी बाही ओली झाली, दादानं घडी घातलेली. मी तिच्या पाठीवर थोपटत राहिले आणि तेव्हा मला कळलं मी का रडत नाही. तिचं चालू होतं म्हणून.

सगळं उरकून काल परत आलो.

ता. २५, बुधवार

दाढीचा फोन. दुःखात सहभागी वगैरे. मग घसा खाकरून म्हणाला, प्रवेश आहे तसाच ठेवू, त्याला आता काही विचारायचं नाही. मी म्हटलं, तुम्हाला विचारायचं नसेल, मला लिहायचंय. कारण सापडलंय. ठेवा फोन.

बाईला मी मुलगी दिली. आतल्या खोलीत तयार होतेय. आज तिची नोकरीची मुलाखत आहे, पहिली. गुणगुणतेय, आईला विचारतेय पिना कुठे आहेत. कंपनीचा माणूस बाहेर सांगतो. बाई बटण टाकते, पाणी गार होतं का विचारते, आतल्या दाराकडे बघून आवाज खाली आणते. त्याला म्हणते, "मागच्या दारानं जा. ती आता बाहेर येईल." मुलगी येते. बाई तिच्या बाहीवरून इस्त्री फिरवते, घडी मोडते, परत घालते. नीट बोल म्हणते, घाई करू नको म्हणते. मुलगी जाते. तेव्हाही बाई रडत नाही, गिऱ्हाईक येतं. संध्याकाळी मुलगी परत येते, नोकरी लागलीय, उड्या मारतेय. बाई बूट घालून बसलीय. म्हणते, "कसं झालं?" आणि सगळं ऐकून घेते. पडदा.

रडायचं वाक्य नाही. कंसात एकही शांतता नाही. लिहायला बावीस वर्षं आणि एक दुपार लागली. किंमत जास्त पडली.

ता. २६, गुरुवार

दादाला म्हटलं, सपाट वाचून दे. मनात आलं होतं, विचारू नये. पण त्याच्या तोंडात उभं राहिल्याशिवाय मला खरं वाटत नाही.

तो पाणी प्यायला. चष्मा पुसला. बोट ठेवलं. मी कंपनीचा माणूस वाचला, मुलगी वाचली. तो बाई. सगळं नीट गेलं, तापमानासारखं, एकही शब्द हलला नाही. मुलगी परत आली, तिचं बोलणं मी वाचलं.

मग त्याची ओळ होती. दोन शब्द. बोट शेवटच्या शब्दावर ठेवून तो बसला. "कसं," म्हणाला. आणि पुढचं आलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं वाक्य शेवटपर्यंत पोचलं नाही. खांदे हलायला लागले. चष्मा काढायचंही सुचलं नाही त्याला.

मी विचारलं, "परत घेऊ का?"

तो म्हणाला, "नको."

मी कागद बाजूला केले, खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि मग आम्ही दोघं तिच्यासाठी रडलो. मोठ्यानं, नाक ओढत, माझ्या मालिकांत रडायचे तसं. शेजारच्यांनी भिंत ठोकली. मी ओरडून सांगितलं, ठोका.

नंतर चहा मी टाकला. साखर दोनदा पडली. तो तोंड वाकडं न करता प्यायला.